फट

सिरोंच्यात निम्मं गाव तेलुगू बोलतं, त्यामुळे सागाला आम्ही लहानपणी टेकुच म्हणत आलो. शाळेत ‘टेकू देणे’ हा शब्दप्रयोग आला तेव्हा सागाचा खांब लावणे असाच त्याचा अर्थ असणार, असं मी ठासून सांगितलं होतं. गुरुजी हसले. पण मी फार चुकलो होतो असं मला आजही वाटत नाही. आमच्या घरात जे म्हणून उभं होतं, ते टेकुवरच उभं होतं. आढं, खांब, दारांच्या चौकटी आणि प्राणहितेच्या बाजूची मागच्या खोलीतली एक खिडकी.

त्या खिडकीला काच नव्हती. सागाच्या फळ्यांच्या दोन झडपा, आतून आडणा, आणि भिंत मातीची, दीड हात जाड. झडपा लावल्या की खोलीत अंधार व्हायचा आणि दोन झडपांच्या मधल्या फटीतून उन्हाची एक रेघ समोरच्या भिंतीवर पडायची. मे महिन्यात ती बोटभर रुंद वाटायची. मृगानंतर बारीक होत होत श्रावणात दिसेनाशी व्हायची. मला वाटायचं सूर्य जागा बदलतो, म्हणून असं होत असेल. खरं कारण कळायला मला वयाची साठी ओलांडावी लागली, आणि तेही चंद्रपुरात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

२०२२च्या जुलैत प्राणहिता आणि गोदावरी एकदमच फुगल्या आणि सिरोंचा तालुक्यात पाणी शिरलं. आमची मागची भिंत बसली. मुलाने चंद्रपुरात नागपूर रोडला फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिथे आम्ही दोघं राहायला आलो. सिरोंच्याहून जवळपास २०० किलोमीटर, आणि आलापल्लीपर्यंतचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नाही.

फ्लॅट चांगला होता. फक्त रस्त्याकडे तोंड करून होता. हॉल आणि दोन्ही झोपायच्या खोल्या, तिन्हींच्या खिडक्या रस्त्यावर. कोळशाचे ट्रक, राखेचे बल्कर, एसट्या, आणि रात्री अकरानंतर रस्ता मोकळा मिळाला म्हणून सुटणारे टिप्पर. पहिल्या रात्री बायको उठून बसली आणि म्हणाली, “अहो, खिडकी लावायची राहिली वाटतं.” मी उठून पाहिलं. खिडकी लावलेलीच होती.

ती खिडकी अॅल्युमिनियमची होती, बिल्डर लोक सरसकट लावतात तशी दोन ट्रॅकची सरकती, चार मिलिमीटरची काच. सगळ्यांनी सांगितलं की अॅल्युमिनियम म्हणजे पत्र्याचा डबा, त्यात आवाज घुमणारच, यूपीव्हीसी लावा. एकाने सांगितलं, लाकडाला तोड नाही. मी विज्ञान शिकवत होतो, पस्तीस वर्षं. पण घरच्या खिडकीच्या बाबतीत मीही शेजाऱ्याचंच ऐकलं असतं, जर त्या रात्री देवापुढची उदबत्ती हातात नसती.

खिडकी घट्ट लावली होती, पंखा बंद होता, आणि तरी उदबत्तीचा धूर सरळ वर न जाता खिडकीजवळ आत वाकत होता. मी ती चौकटीच्या कडेने फिरवली. खालच्या ट्रॅकजवळ धूर थरथरला. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात त्या उभ्या पट्टीपाशी तो चक्क उडाला. पल्ल्याच्या कडेला केसाळ ब्रशची पट्टी असते, तिच्यावर पल्ला सरकतो. ब्रश म्हणजे केस, आणि केसांच्या मधून हवा जाते. हवा जाते तिथून आवाज जातो. ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी निघून जावं म्हणून बाहेर भोकं ठेवलेली असतात, ती वेगळीच.

मग मी हिशेब मांडला. तो फार सोपा आहे, आणि एकदा पाहिला की खिडकीच्या दुकानातलं निम्मं बोलणं ऐकू येईनासं होतं.

खिडकी पाच फूट बाय चार फूट, म्हणजे साधारण १८,००० चौरस सेंटिमीटर. तिचा परीघ सुमारे ५४० सेंटिमीटर. सगळ्या कडेने फक्त एक मिलिमीटरची फट आहे असं धरा, म्हणजे फटीचं क्षेत्रफळ झालं ५४ चौरस सेंटिमीटर. खिडकीच्या हजारातले तीन भाग उघडे. आता काच पाहू. बरी काच ३० डेसिबल आवाज अडवते, म्हणजे बाहेरच्या आवाजाच्या ऊर्जेतला हजारातला एक भाग आत सोडते. काचेतून एक, फटीतून तीन, एकूण चार. हजारात चार म्हणजे साधारण २४ डेसिबल. तीस डेसिबलची काच घेतली, मिळाले चोवीस.

आता म्हणाल, महागातली काच घेऊ. घ्या, चाळीस डेसिबलची घ्या. ती हजारातला जेमतेम दशांश भाग सोडेल. फटीतले तीन मात्र तसेच. बेरीज तीन पूर्णांक एक, म्हणजे २५ डेसिबल. एवढे पैसे घालून एका डेसिबलचा फरक, जो माणसाच्या कानाला कळतही नाही. आवाज निम्मा झाला असं कानाला वाटायला साधारण दहा डेसिबल कमी व्हावे लागतात.

हा हिशेब ढोबळ आहे. बारीक फटीत आवाज थोडा वेगळा वागतो. पण कल तोच राहतो. मोबाइलच्या अॅपवर मी मोजलं. रात्री ट्रक जाताना बाल्कनीत ७६, खिडकी लावून आत ५७. मोबाइलचा आकडा खरा मानू नये, पण दोन आकड्यांमधला फरक बराचसा मानायला हरकत नाही. एकोणीस. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि तीही घराबाहेरच्या हवेची. आमच्याकडे खिडकी लावून आत ५७.

म्हणजे दोष अॅल्युमिनियमचा नव्हता. सरकण्याचा होता. जे पल्ले घासत सरकतात त्यांना घट्ट दाबून बसता येत नाही. घट्ट बसले तर सरकणार नाहीत. बिजागरीवर फिरणारा पल्ला मात्र लावताना रबरावर दाबला जातो. तसा पल्ला, सगळीकडून रबर आणि दोन-तीन जागी ओढून घेणारी कडी असेल, तर अॅल्युमिनियमही तितकंच शांत असतं. पण सरकती खिडकी स्वस्त पडते, पल्ला वाऱ्याने आपटत नाही, बाहेर उघडून ग्रिलला अडत नाही, म्हणून शहरभर तीच.

पुराने बसलेल्या खोलीचं लाकूड सिरोंच्यात पडून होतं. आढ्याचे दोन तुकडे, चार खांब. विकावं असं बायकोचं मत, आणि ते व्यवहाराला धरून होतं. बल्लारपूरच्या काष्ठ डेपोतून २०२३च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान मिरवणुकीने गेलं तेव्हापासून आमच्याकडच्या सागाचा भाव लोकांच्या बोलण्यात तरी आणखी चढलेला आहे. पण मला त्या लाकडाची खिडकी हवी होती. वनविभागात जाऊन वाहतुकीचा पास काढला, कारण लाकूड आजोबांच्या घरचं आहे हे नाक्यावरच्या माणसाला तोंडी सांगून भागत नाही.

सिरोंच्याचेच एक वाढई मामा चंद्रपुरात मुलाकडे असतात. त्यांनी खांब कापले, बाहेरचा पांढरट भाग काढून टाकला, कारण सागाच्या त्या भागाला उधळी सोडत नाही, आणि आतल्या गाभ्याच्या पट्ट्या काढल्या. रंध्याखालून साठ वर्षांचं लाकूड असं निघालं की खोलीत तेलकट, चामड्यासारखा वास पसरला. दोन पल्ले, प्रत्येकात सहा मिलिमीटरची काच, चौकटीला खोल खाच, म्हणजे पल्ला तिच्यात आत जाऊन बसावा. छोट्या खोलीची अॅल्युमिनियमची खिडकी काढून ही बसवली. सप्टेंबर होता. पल्ला लावताना ‘ठप्’ असा भरलेला आवाज यायचा. मोजलं तर बाहेर ७५, आत ४८. सत्तावीस. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

मार्चमध्ये रात्री पुन्हा ट्रक ऐकू यायला लागले. एप्रिलच्या एका दुपारी मी त्या खोलीत पडदा ओढून पडलो होतो आणि समोरच्या भिंतीवर उन्हाची एक रेघ दिसली.

ती पाहून मी उठून बसलो. सिरोंच्याची रेघ. सूर्याचा काही संबंध नव्हता. लाकूड आटलं होतं.

जुनं लाकूड मुरलेलं असतं, ते आता हलणार नाही, ही समजूत मीही बाळगून होतो. मुरलेलं लाकूड पिळत नाही, वाकत नाही, हे खरं. पण हवेतला ओलावा ते शंभर वर्षांनीही घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात आपल्याकडे त्यात चौदा-पंधरा टक्के पाणी असतं, चंद्रपूरच्या मे महिन्यात सहा-सात. लांबीत लाकूड जवळपास बदलत नाही. ते आटतं ते रुंदीत. माझ्या दोन पल्ल्यांच्या चार उभ्या पट्ट्या, प्रत्येक तीन इंची, म्हणजे आडवं लाकूड एकूण ३०० मिलिमीटर. आठ टक्के पाणी गेलं की त्यात तीन-साडेतीन मिलिमीटर कमी होतात. साग इतर लाकडांपेक्षा कमी आटतो, म्हणून एवढ्यावर भागलं. आणि हे साडेतीन मिलिमीटर वाटून घ्यायला जागा तीनच, दोन बाजूच्या कडा आणि मधला जोड. म्हणजे प्रत्येक ठिकाणी एक मिलिमीटरच्या वर. वरचा हिशेब पुन्हा लावून पाहा.

मी मामांना म्हणालो, काच बदलून जाड घालू का? ते म्हणाले, “काच बदलून का होते सर, फट तर तिथंच रायते ना.” विज्ञानाचा मास्तर मी, आणि निष्कर्ष त्यांनी सांगितला. त्यांनी पल्ले उतरवले नाहीत. चौकटीच्या खाचेत आतल्या अंगाला एक बारीक चर पाडला आणि त्यात पोकळ रबराची पट्टी बसवली, गाडीच्या दाराला असते तशी. पोकळ रबर पावसाळ्यात चेपतं, उन्हाळ्यात फुगतं, आणि लाकडाच्या ये-जा करण्याला सोबत करतं. मधल्या जोडावर आतून एक आच्छादणारी पट्टी ठोकली, तिच्याखालीही रबर. तेव्हापासून ती खिडकी बारा महिने सत्तावीसच्या आसपास राहते. लाकडाची किंमत मला कळली ती इथे. त्यात नंतर चर पाडता येतो. कारखान्यातून आलेल्या पल्ल्यात कुणी असा हात घालत नाही. पण दर दोन-तीन वर्षांनी तेलाचा हात द्यावा लागतो, बिजागऱ्या आवळाव्या लागतात, आणि असे वाढई मामा तुमच्या ओळखीत असावे लागतात.

मोठ्या झोपायच्या खोलीत मात्र मुलाच्या आग्रहाने यूपीव्हीसी लावली. आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला हेवा वाटला. पट्ट्यांचे कोपरे वितळवून जोडलेले असतात, तिथे फटच नाही. अॅल्युमिनियमच्या चौकटीचा कोपरा स्क्रूने जोडलेला, त्यात केस जातो. यूपीव्हीसीचा पल्ला बिजागरीचा घेतला, दुहेरी रबर, चार जागी ओढणारी कडी. उदबत्तीचा धूर सरळ वर. दुपारी पश्चिमेचं ऊन आलं की अॅल्युमिनियमच्या चौकटीला हात लावता येत नाही, याला लावता येतो. प्लॅस्टिकमधून उष्णता फार कमी वाहते.

पुढच्या जूनमध्ये धूर पुन्हा वाकला. कडीच्या बाजूला वरचा कोपरा जवळजवळ दोन मिलिमीटर सुटला होता. पल्ला खाली ओघळला होता. दुकानदार म्हणाला, “काकाजी, ऊन किती होतं यंदा!” ऊन होतंच. पण कारण वेगळं होतं. प्लॅस्टिकची पट्टी एकटी काचेचं वजन पेलत नाही. तिच्या पोकळीत जस्त चढवलेली लोखंडी पट्टी घालायची असते. ती बाहेरून दिसत नाही. मी शाळेतलं जुनं लोहचुंबक घेऊन चौकटीवरून फिरवलं. चौकटीला चिकटलं. पल्ल्याला चिकटलंच नाही. लोखंड फक्त चौकटीत होतं, पल्ला रिकामा. दीड मीटरची प्लॅस्टिकची पट्टी चाळीस अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरच्या वर वाढते, अॅल्युमिनियमची दीडएक मिलिमीटर. एवढ्या हालचालीला आतून लोखंड बांधून ठेवत असतं, तेच नव्हतं. दुकानदाराने नवे पल्ले दिले, पण चुंबक पाहिल्यावर. मुलाला लाकडासारखा दिसणारा गडद तपकिरी रंग हवा होता, तो आम्ही घेतला नव्हता, एवढं नशीब. गडद रंग उन्हात सत्तर अंशांपर्यंत तापतो आणि हे प्लॅस्टिक ऐंशीच्या आसपास मऊ पडायला लागतं. चंद्रपुरात यूपीव्हीसी पांढरीच घ्यावी.

फट गेली, आणि तरी ट्रक गेला नाही. हॉर्न गेला, स्कूटर गेली, रस्त्यावर बोलणारी माणसं गेली. राहिली ती नुसती घरघर, पोटात जाणवणारी. ही खिडकी ‘साउंडप्रूफ डबल ग्लास’ म्हणून घेतली होती: पाच मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटर हवा. आता दोन काचा आणि मधली हवा म्हणजे दोन वजनं आणि एक स्प्रिंग. प्रत्येक स्प्रिंगला आपली एक झुलण्याची गती असते, आणि त्या गतीचा आवाज आला की ती अडवण्याऐवजी आनंदाने झुलते. या मापाच्या काचांना ती गती येते सेकंदाला साधारण २२० कंपनं. ट्रकच्या इंजिनाची घरघर बरोबर त्या टापूत. म्हणजे ज्या आवाजासाठी डबल ग्लास घेतली, त्याच आवाजाला ती साथ देत होती. डबल ग्लास ही मुळात थंड देशांतली, उष्णता अडवायची युक्ती आहे. आवाजासाठी मधली हवा बारा मिलिमीटर नको, शंभर हवी. शंभर केली की त्याच काचांची गती ७६वर उतरते आणि बहुतेक घरघर तिच्या वर राहते.

शंभर मिलिमीटरची खिडकी कुठल्याच दुकानात मिळत नाही. पण आमची भिंत नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर. हॉलची अॅल्युमिनियमची खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेला होती. आतल्या कडेला जागा रिकामी, बायको तिथे तुळस ठेवायची. मामांकडे खांबाच्या पट्ट्या उरल्या होत्या.

जुनी अॅल्युमिनियमची खिडकी तशीच ठेवली, फक्त तिचे ब्रश बदलले. तिच्या आत शंभर मिलिमीटर सोडून सागाची दुसरी खिडकी बसवली. काच पाच मिलिमीटरच्याच ताकदीची पण लॅमिनेटेड, म्हणजे दोन पातळ काचांमध्ये चिकट पापुद्रा, तो काचेचं थरथरणं खाऊन टाकतो. बाहेरच्या काचेसारखीच जाडी असती तर दोघी एकाच सुरात वाजल्या असत्या. चौकट आणि भिंत यांच्यामधली जागा आधी मसाल्याने आणि मग सिलिकॉनने भरली. ती फेसावर सोडली असती तर सगळं मुसळ केरात. मोजलं. बाहेर ७६, आत ४१. पस्तीस डेसिबल, तिन्ही खोल्यांत सगळ्यात जास्त, आणि ते सगळ्यात नावडत्या खिडकीच्या जोरावर. बायकोने हॉलमध्ये अंथरूण घातलं आणि सकाळी सातला उठली.

एक गोष्ट राहिली, आणि चंद्रपुरात ती सांगितल्याशिवाय खिडकीवर लिहिणं खोटेपणा आहे. एप्रिल ते जून आम्ही कूलरवर जगतो. कूलरने आत फेकलेली हवा बाहेर जायला जागा हवी, नाहीतर खोलीत वाफ दाटते. म्हणजे समोरची एक खिडकी वीतभर उघडी ठेवायची. वीतभर म्हणजे वरचा सगळा हिशेब चुलीत. शिवाय कूलर स्वतःच इतका आवाज करतो की ट्रकची गरज पडत नाही. म्हणून या तीन महिन्यांत आमचं पस्तीस डेसिबलचं यश कागदावर राहतं. ते जुलै ते मार्चचं यश आहे. एक गंमत मात्र झाली. कूलरच्या खोलीतली सागाची खिडकी ओल्या हवेमुळे मेमध्येही आटत नाही. रेघ पडते ती फक्त ज्या खोलीत कूलर नाही तिथल्या, रबर नसलेल्या जुन्या कपाटाच्या दारात.

कुणी विचारलं की मी सांगतो: भिंत नऊ इंची असेल आणि बिल्डरची अॅल्युमिनियमची खिडकी धड असेल, तर ती काढू नका, आत दुसरी बसवा, लाकडाची किंवा कशाचीही, पण बिजागरीची आणि रबराची. भिंत चार इंची असेल तर पांढरी यूपीव्हीसी, बिजागरीची, आणि पाच-बारा-पाचऐवजी एकच जाड लॅमिनेटेड काच. सागाची एकटी खिडकी तेव्हाच, जेव्हा लाकूड घरचं असेल आणि वाढई जवळचा. दुकानात जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. उदबत्ती घरी लागेल, खिडकी बसवून झाल्यावर, मिस्त्रीला शेवटचे पैसे देण्याआधी.